जुन्या टोपोशीटवरचे अंश-मिनिट-सेकंद स्प्रेडशीटमध्ये दशांशात आणताना

हा लेख भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटबद्दल आहे, म्हणजे एक इंच = एक मैल किंवा १:५०,००० प्रमाणाच्या, कडेला अक्षांश-रेखांश छापलेल्या शीटबद्दल. भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशावर किंवा गटाच्या नकाशावर सहसा अक्षांश-रेखांश नसतातच. तो नकाशा हातात असेल तर पुढचं काही लागू पडणार नाही.

उदाहरणासाठी ४७ एफ/१५ ही शीट घेऊ. सिंहगडाचा माथा या शीटवर पश्चिम कडेला अगदी खेटून येतो. समजा, माथ्यावरच्या एका बिंदूचं शीटवरून केलेलं वाचन असं आहे: अक्षांश १८° २१′ ५३″ उत्तर, रेखांश ७३° ४५′ २१″ पूर्व.

एका अंशात ६० मिनिटं आणि एका मिनिटात ६० सेकंद असतात. म्हणून मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागायचं आणि दोन्ही उत्तरं अंशांत मिळवायची. २१ ÷ ६० = ०.३५ आणि ५३ ÷ ३६०० = ०.०१४७२, तेव्हा अक्षांश १८.३६४७२ झाला. रेखांशात ४५ ÷ ६० = ०.७५ आणि २१ ÷ ३६०० = ०.००५८३, म्हणजे ७३.७५५८३. गणित इथेच संपलं. माणसं अडकतात ती या गणिताच्या आधी, आकडे भरताना, आणि नंतर, फाइल बाहेर काढताना.

आधी शीटच्या नंबरावरून चौकट काढा

आकडे भरण्याआधी पाच मिनिटं शीटच्या नंबरासाठी द्या. पुढची सगळी तपासणी त्याच्यावर उभी आहे.

४७ नंबरचा मोठा चौकोन १६° ते २०° उत्तर आणि ७२° ते ७६° पूर्व एवढा आहे. त्याचे एक-एक अंशाचे सोळा भाग, ए ते पी. मोजणी वायव्य कोपऱ्यातून सुरू होते आणि आडवी न जाता वरून खाली जाते. एक उभी रांग संपली की उजवीकडची दुसरी. म्हणून ए, बी, सी, डी ही पहिली उभी रांग आणि ई, एफ, जी, एच ही दुसरी. एफ म्हणजे १८° ते १९° उत्तर, ७३° ते ७४° पूर्व. त्या एफचे पुन्हा सोळा भाग, प्रत्येक १५ मिनिटांचा, मोजणी तशीच वरून खाली. १३, १४, १५, १६ ही शेवटची उभी रांग. त्यातली पंधरावी शीट १८° १५′ ते १८° ३०′ उत्तर आणि ७३° ४५′ ते ७४° ००′ पूर्व एवढ्या भागाची.

दशांशात ही चौकट १८.२५ ते १८.५० आणि ७३.७५ ते ७४.०० अशी होते. या शीटवरून वाचलेला कोणताही बिंदू या चार आकड्यांच्या बाहेर गेला तर कुठेतरी चूक आहे. शीटच्या कोपऱ्यांत छापलेले आकडे याच्याशी जुळतात ना, ते एकदा पाहून घ्या.

सहा रकाने, सहा आकडे

अंश, मिनिट आणि सेकंद वेगवेगळ्या रकान्यांत भरा. पूर्ण वाचन चिन्हांसकट एकाच चौकटीत लिहिण्याचा मोह होतो, कारण कागदावर ते तसंच दिसतं. पण मग स्प्रेडशीट त्याला मजकूर समजते आणि तो मजकूर नंतर फोडत बसावं लागतं. रकाने असे ठेवा: `A` मध्ये बिंदूचं नाव, `B` मध्ये शीट नंबर, `C` `D` `E` मध्ये अक्षांशाचे अंश, मिनिट, सेकंद आणि `F` `G` `H` मध्ये रेखांशाचे. मग `I2` मध्ये:

```
=C2+D2/60+E2/3600
```

आणि `J2` मध्ये:

```
=F2+G2/60+H2/3600
```

ही सूत्रं एक्सेल, गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्क तिन्हींत जशीच्या तशी चालतात. खाली ओढली की सगळ्या ओळी भरतात. दोन्ही रकान्यांना सहा दशांश स्थळं दिसतील असं फॉरमॅट आत्ताच देऊन ठेवा. त्याचं कारण फाइल बाहेर काढताना कळेल.

आकडे इंग्रजी अंकांतच टाका. मराठी कीबोर्डवरून १८ टाइप केलं तर स्प्रेडशीट त्याला संख्या मानेलच याची खात्री नाही. बहुतेकदा ते मजकूर म्हणून राहतं आणि सूत्रात `#VALUE!` येतं. मजकूर चौकटीत डावीकडे चिकटतो आणि संख्या उजवीकडे, एवढ्यावरूनही ओळखता येतं. सेकंद शून्य असतील तर `0` लिहा, चौकट रिकामी सोडू नका. रिकाम्या चौकटीलाही सूत्र शून्यच धरतं. मग सेकंद खरंच शून्य होते की वाचायचे राहिले, हे महिन्याभराने तुम्हालाही सांगता येत नाही.

आता `K2` मध्ये तपासणीचं सूत्र. थोडं लांब आहे, पण एकदाच लिहायचं आहे:

```
=IF(COUNT(C2:H2)<6,"अपूर्ण",
 IF(AND(D2<60,E2<60,G2<60,H2<60,
 I2>=18.25,I2<=18.5,J2>=73.75,J2<=74),
 "ठीक","तपासा"))
```

`COUNT` फक्त खऱ्या संख्या मोजतं. सहापैकी एक जरी चौकट रिकामी असली किंवा तिच्यात मजकूर असला तर "अपूर्ण" येतं. पुढचा भाग मिनिट-सेकंद साठच्या आत आहेत का ते बघतो आणि शेवटी बिंदू शीटच्या चौकटीत बसतो का ते. ७५ मिनिटं असं वाचन असूच शकत नाही. तो जुन्या छपाईतला १ असतो, ७ सारखा दिसणारा. दुसऱ्या शीटचे बिंदू भरताना चौकटीचे चार आकडे बदलायला विसरू नका. सिंहगडाच्या बाबतीत हे लगेच लक्षात येतं. आपला बिंदू शीटच्या पश्चिम कडेपासून फक्त २१ सेकंद आत आहे, म्हणजे जमिनीवर सहाशे मीटरच्या आसपास आणि १:५०,००० च्या कागदावर साधारण १२ मिलिमीटर. तिथून थोडं पश्चिमेला सरकलं की शेजारची ४७ एफ/११ सुरू होते आणि "तपासा" येणं बरोबरच असतं.

सगळ्यात फसवी चूक

वाचन वहीत उतरवताना पुष्कळ जण १८.२१५३ असं लिहितात. मनात असतं १८ अंश २१ मिनिटं ५३ सेकंद. तीच वही पुढे दुसऱ्याच्या हातात जाते, त्याला वाटतं आकडे आधीच दशांशात आहेत, आणि तो ते सरळ नकाशावर टाकतो. खरा अक्षांश १८.३६४७२ होता. फरक जवळजवळ ०.१५ अंशांचा पडला, म्हणजे बिंदू साडेसोळा किलोमीटर दक्षिणेला गेला.

आपली चौकट ही चूक रेखांशात नेहमी पकडते. या शीटवर रेखांशाची मिनिटं ४५ ते ५९, त्यामुळे अशा पद्धतीने लिहिलेला आकडा ७३.४५ ते ७३.६० मध्येच राहणार, तो ७३.७५ च्या वर जात नाही. (अगदी पूर्व कडेवरचा ७४.०००० तेवढा अपवाद, आणि तो दोन्ही पद्धतींत सारखाच असतो.) अक्षांशात मात्र चकवा आहे. १८° २७′ हे १८.२७ असं लिहिलं तर ते चौकटीच्या आतच बसतं. म्हणून फक्त अक्षांश तपासून समाधान मानू नका.

दुसऱ्याने दिलेली यादी असेल आणि मूळ शीट जवळ नसेल तर दशांश चिन्हानंतरचे आकडे दोन-दोनच्या जोडीने वाचा. चाळीस-पन्नास बिंदूंच्या यादीत पहिली जोडी एकदाही ५९ च्या वर गेली नाही आणि दुसरीही नाही, तर ती दशांशातली यादी नव्हे, ते दाबून लिहिलेले मिनिट-सेकंद आहेत. खऱ्या दशांशात ६० ते ९९ च्या जोड्या भरपूर दिसतात. यादी एकाच शीटवरची असेल तर पहिली जोडी एका छोट्या पट्ट्यातच फिरते, तेव्हा दुसऱ्या जोडीवर जास्त भर द्या.

वाचन आधीच मजकूर म्हणून आलं असेल तर

स्कॅनवरून किंवा कुणाच्या फाइलमधून `18°21'53"N` असा मजकूर आला तर तो हाताने पुन्हा टाइप करण्याची गरज नाही. गूगल शीट्समध्ये हे पुरतं:

```
=SPLIT(REGEXREPLACE(A2,"[^0-9.]+"," ")," ")
```

अंक आणि टिंब सोडून बाकी जे काही असेल त्याच्या जागी हे सूत्र मोकळी जागा ठेवतं आणि मग तीन चौकटींत तुकडे करतं. अंशाचं चिन्ह कोणतं, मिनिटाला सरळ चिन्ह आहे की वळणदार, सेकंदाला दोन एकेरी चिन्हं दिली आहेत की एक दुहेरी, या भानगडीतून त्यामुळे सुटका होते. आणि ही भानगड एकाच फाइलमध्ये चार प्रकारची असते! उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम ही अक्षरं मात्र पुसली जातात. महाराष्ट्रात सगळं उत्तर आणि पूर्वच असल्याने बिघडत नाही. दक्षिण किंवा पश्चिमेचे बिंदू असतील तर तिन्ही आकड्यांची बेरीज आधी करा आणि उणे चिन्ह शेवटी द्या. आधी अंशांनाच उणे केलं तर मिनिटं उलट्या दिशेला मिळवली जातात.

एक गोष्ट इथे जपायची. सर्वेक्षणाच्या जुन्या कागदांवर आणि कोष्टकांत सेकंदांचं चिन्ह कधी कधी दशांश बिंदूच्या आधी छापलेलं असतं: ५३″·४. म्हणजे ५३.४ सेकंद. वरचं सूत्र तिथे तिसऱ्या चौकटीत ५३ आणि चौथ्या चौकटीत ४ टाकतं. चौथी चौकट भरलेली दिसली की हेच झालंय असं समजा आणि ते आकडे सेकंदांच्या दशांशात जोडा.

`18:21:53` असं कोलन घालून टाइप करण्याची एक युक्तीही चालते. स्प्रेडशीट त्याला वेळ समजते आणि तासालाही साठ मिनिटंच असल्यामुळे २४ ने गुणलं की दशांश अंश मिळतात. `=A2*24` केल्यावर चौकटीचं फॉरमॅट संख्येचं करायला हवं, नाहीतर उत्तरही वेळेसारखंच दिसतं. पण कोलनऐवजी आडवी रेघ वापरू नका. `18-10-05` असं लिहिलं की प्रादेशिक सेटिंगप्रमाणे त्याची १८ ऑक्टोबर २००५ ही तारीख होऊन बसते, आणि ती गुपचूप होते.

उलट वाचून बघा

चौकटीच्या तपासणीतून सुटणारी चूक म्हणजे शीटच्या आतच राहणारी चूक: ३ च्या जागी ८ वाचलं, २१ च्या जागी १२ … नाही, १२ तर चौकटीबाहेर जाईल, पण २७ जाणार नाही. यासाठी `L2` मध्ये दशांशाचं परत मूळ रूप करा:

```
=TEXT(ROUND(I2*3600,0)/86400,"[h]:mm:ss")
```

आपल्या उदाहरणात `18:21:53` यायला हवं. रेखांशासाठी `I2` च्या जागी `J2`. हा रकाना आणि कागदी शीट समोर ठेवून, शक्यतो आकडे ज्याने भरले नाहीत अशा माणसाने, एकेक ओळ मोठ्याने वाचत ताडून बघावी. `ROUND` आत घालायचं कारण असं की दशांश अपूर्णांक संगणकात अगदी तंतोतंत साठत नाहीत. पायरी-पायरीने मिनिटं आणि सेकंद वेगळे काढायला गेलं तर ७३.८ चं कधी कधी ७३° ४७′ ६०″ होतं. आधी एकूण सेकंद काढून ते पूर्णांकात आणले की हा प्रश्न येत नाही.

किती दशांश स्थळं खरी?

सिंहगडाच्या अक्षांशावर एक सेकंद म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण ३०.७ मीटर आणि पूर्व-पश्चिम २९.४ मीटर. १:५०,००० च्या शीटवर १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर, एक इंची शीटवर ६३ मीटर. चांगल्या पट्टीने, चांगल्या उजेडात अर्धा मिलिमीटर वाचता येतो. म्हणजे वाचनच मुळात २५-३० मीटरचं आहे. चौथं दशांश स्थळ ११ मीटरचं असतं आणि पाचवं एक मीटरचं. पाच स्थळं ठेवली की मूळ सेकंद परत बिनचूक मिळतात. तेवढी पुरेत. आठ-दहा स्थळं दाखवून शीट जास्त अचूक होत नाही.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. एक्सेल `.csv` फाइल जपताना चौकटीत जे दिसतं तेच लिहितं. रकान्यात दोनच दशांश दिसत असतील तर फाइलमध्ये `18.36` जातं आणि बिंदू पाचशे मीटरहून जास्त सरकतो. ओळखायचं लक्षण सोपं आहे: नकाशावर सगळे बिंदू जाळीसारखे, एक-सव्वा किलोमीटरच्या अंतराने रांगेत बसलेले दिसतात. म्हणून सहा स्थळांचं फॉरमॅट सुरुवातीलाच. लिबरऑफिस कॅल्कमध्ये जपताना "जसं दिसतं तसं" हा पर्याय येतो, तो काढता येतो. नावं मराठीत असतील तर `CSV UTF-8` निवडा, नाहीतर बिंदूंची नावं प्रश्नचिन्हं होतात.

नकाशावर टाकल्यावर आग्नेयेला सरकलेले बिंदू

गूगल मॅपच्या शोधचौकटीत आधी अक्षांश, मग रेखांश: `18.36472, 73.75583`. QGIS या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये उलट विचार करावा लागतो, कारण तिथे `X` म्हणजे रेखांश आणि `Y` म्हणजे अक्षांश. अदलाबदल झाली तर सिंहगड नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो. ही चूक निदान लपत तरी नाही.

सगळं बरोबर करूनही बिंदू बुरुजावर न पडता शंभर-सव्वाशे मीटर बाजूला, खाली आणि उजवीकडे पडतो, तेव्हा नवखा माणूस सूत्रात चूक शोधत बसतो. सूत्र बरोबर असतं. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर, मध्य प्रदेशातल्या कल्याणपूर इथल्या मूळ स्थानकाच्या आधाराने काढलेल्या आहेत. जीपीएस आणि ऑनलाइन नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वापरतात. पृथ्वीचा आकार आणि तिचा मध्य दोन्ही पद्धतींत वेगळा धरलेला आहे, म्हणून एकाच जागेचे आकडे दोन्हींत वेगळे येतात. पुणे परिसरात एव्हरेस्टवरून डब्ल्यूजीएस ८४ ला जाताना अक्षांश सुमारे साडेतीन सेकंदांनी वाढतो आणि रेखांश सुमारे अडीच सेकंदांनी घटतो. हे आकडे इतर भागांत वेगळे असतात, तेव्हा नागपूरच्या शीटला पुण्याची दुरुस्ती लावू नका.

ही दुरुस्ती QGIS वर सोपवलेली बरी. `Add Delimited Text Layer` मधून फाइल उघडताना `Geometry CRS` मध्ये `EPSG:4146` म्हणजे `Kalianpur 1975` निवडा. मग थराला `Export` मधून `Save Features As` करून `EPSG:4326` मध्ये जपा. कोणतं रूपांतर वापरायचं असं विचारलं तर भारतासाठीचं निवडा, ज्याचे तीन आकडे २९५, ७३६ आणि २५७ आहेत. त्यातही दहा-वीस मीटर इकडे-तिकडे राहतात, पण ते शीट वाचण्यातल्या चुकीएवढेच आहेत. सिंहगडाचा आपला बिंदू यानंतर साधारण १८.३६५७, ७३.७५५१ ला येतो. नवे आकडे नव्या रकान्यांत ठेवा आणि `I`, `J` ला हात लावू नका. रकान्यांच्या शीर्षकातच "एव्हरेस्ट" आणि "डब्ल्यूजीएस ८४" लिहा, कारण नुसत्या आकड्यांकडे बघून कोणते कोणाचे हे कुणालाच कळत नाही. २००५ च्या नकाशा धोरणानंतरच्या ओपन सीरीज शीट मुळातच डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत, त्यांना ही दुरुस्ती लावली तर बिंदू उलट बिघडतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या किंवा त्याआधीच्या शीटवर आणखी एक फरक सापडू शकतो. तेव्हाचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर आधारलेले होते आणि ते आजच्यापेक्षा सुमारे अडीच मिनिटं जास्त भरतात. आपल्या अक्षांशावर हे चार किलोमीटरहून जास्त होतं. बिंदू शंभर मीटर नव्हे तर चार-साडेचार किलोमीटर पूर्वेला पडत असतील आणि अक्षांश मात्र नीट असेल, तर शीटच्या तळाच्या समासातली बारीक अक्षरांतली टीप वाचा. रेखांशातून किती मिनिटं-सेकंद वजा करायचे ते तिथे छापलेलं असतं. तेवढे सेकंद `J` च्या सूत्रात शेवटी `-147/3600` अशा रूपात घाला (१४७ च्या जागी तुमच्या शीटवरचा आकडा), आणि एव्हरेस्टची दुरुस्ती त्यानंतर करा. चौकटीचे रेखांशही त्याच मापाने सरकवा, नाहीतर पश्चिम कडेचे सगळे बिंदू "तपासा" म्हणत राहतील.